रात्री अकराची गोळी

मार्च २०२३मध्ये मुतखड्यासाठी माझा पोटाचा सीटी स्कॅन झाला. खडा चार मिलिमीटरचा होता, आठवड्याभरात आपोआप पडून गेला. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर तळाशी एक ओळ होती: डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत २.६ सेंटीमीटरची गाठ, चरबीयुक्त, सौम्य वाटते, क्लिनिकल संदर्भात पाहावे. ती ओळ मी वाचली, आमच्या डॉक्टरांनी वाचली, आणि दोघांनीही "सौम्य" या शब्दावर समाधान मानलं. रिपोर्ट फाइलमध्ये गेला तो थेट चौदा महिन्यांनी बाहेर आला.

त्या चौदा महिन्यांत रक्तदाबाच्या दोन गोळ्यांच्या तीन झाल्या. तीन वर्षांपूर्वी निघालेला मधुमेह आटोक्यात येईना. खाणं तेच, चालणं तेच, तरी तीन महिन्यांची साखर ७.८. वय ५१, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली, त्यामुळे जे काही होईल ते "या वयात होतंच" या खात्यात जमा होत होतं. मी स्वतःही तेच म्हणत होते. चेहरा गोल झाला नव्हता, पोटावर जांभळे पट्टे नव्हते, दंडा-मांड्यांची ताकद गेली नव्हती. म्हणजे मूत्रपिंडावरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं जे संप्रेरक बनवते, ते वाढल्याची जी चिन्हं पुस्तकात असतात, त्यांतलं एकही नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण या प्रकारात ती नसतातच. वैद्यकीय नाव आहे "माइल्ड ऑटोनॉमस कॉर्टिसॉल सिक्रीशन", म्हणजे गाठीने स्वतःच्या मनाने थोडंथोडं कॉर्टिसॉल सोडत राहणं. दिसण्यात काहीच फरक पडत नाही, म्हणून कुणी शोधायलाही जात नाही.

मे २०२४मध्ये चौथी रक्तदाबाची गोळी सुरू करायची वेळ आली, तेव्हा मी जुनी फाइल घेऊन गेले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. डॉक्टरांनी एक चाचणी लिहून दिली. रात्री अकरा वाजता एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान रक्त द्यायचं. या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक चाचणी. माझ्या बाबतीत ती दोनदा चुकीची वाचली गेली, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आकडा आला ४.९ मायक्रोग्रॅम. त्याच्यापुढे लॅबने "एल" छापलं होतं, म्हणजे कमी. बाजूच्या रकान्यात नॉर्मल म्हणून ५ ते २५ असं लिहिलेलं. डॉक्टर म्हणाले, "कॉर्टिसॉल उलट थोडं कमीच आहे, गाठीचा काही संबंध नाही." मीही सुटकेचा श्वास सोडला.

छापलेली ती मर्यादा होती साध्या सकाळच्या कॉर्टिसॉलची. रात्री गोळी घेतल्यावर तो रकाना लागूच होत नाही. हे मला तीन आठवड्यांनी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांकडे कळलं, आणि तिथेही मी गेले होते ती साखरेसाठी. बाईंनी रिपोर्ट पाहिला, पेनाने "एल"वर काट मारली आणि शेजारी १.८ लिहिलं. "गोळी खरंच घेतली होती ना? मग सकाळी कॉर्टिसॉल याच्या खाली यायला हवं होतं."

त्यांनी समजावलं ते असं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाचा संप्रेरक सोडते आणि अ‍ॅड्रिनलला सांगते, कॉर्टिसॉल बनव. डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड. ते रक्तात दिसलं की पिट्युटरीला वाटतं माल भरपूर आहे, आणि ती हुकूम पाठवणं थांबवते. निरोगी ग्रंथी सकाळपर्यंत गप्प होते. कॉर्टिसॉलच्या चाचणीत डेक्सामेथासोन स्वतः मोजलं जात नाही, त्यामुळे सकाळी जे कॉर्टिसॉल दिसतं ते हुकमाशिवाय बनलेलं असतं. ते १.८पेक्षा जास्त असेल, दुसऱ्या एककात म्हणजे ५० नॅनोमोलपेक्षा जास्त, तर कुणीतरी हुकमाशिवाय काम करतंय असा संशय घ्यायचा. लॅब कोणतं एकक वापरते ते आधी बघा. ४.९ आणि १३५ हे एकच प्रमाण आहे, पण नुसता आकडा पाहून माणूस घाबरतो तरी किंवा गाफील तरी राहतो.

साधं सकाळचं कॉर्टिसॉल माझं १४ होतं, म्हणजे अगदी नॉर्मल. चोवीस तासांच्या लघवीतलंही नॉर्मल. दिवसभराची एकूण बेरीज फारशी बिघडलेली नसते. बिघडतं ते वेळापत्रक. मध्यरात्री कॉर्टिसॉल तळाला जायला हवं, पण गाठ तेव्हाही चालूच असते. त्यामुळे या दोन चाचण्या नॉर्मल आल्या म्हणून प्रकरण मिटत नाही.

मग बाईंनी विचारलं, "केसांसाठी काही घेता का?"

घेत होते. केस विरळ झाले म्हणून वर्षभर बायोटिनच्या गोळ्या चालू होत्या, रोज दहा मिलिग्रॅम. औषधांची यादी विचारली तेव्हा मी ती सांगितली नव्हती, कारण ते माझ्या लेखी औषध नव्हतंच. काही लॅबच्या यंत्रांत हार्मोन मोजण्याच्या रसायनात बायोटिनचाच धागा वापरलेला असतो. रक्तात बाहेरचं बायोटिन जास्त असलं की कॉर्टिसॉल खोटं जास्त दिसू शकतं आणि एसीटीएच खोटं कमी. दुर्दैवाने माझ्या आजाराचं चित्रही नेमकं तसंच असतं, कॉर्टिसॉल जास्त, एसीटीएच कमी. म्हणजे माझे आकडे निव्वळ केसांच्या गोळ्यांमुळेही आलेले असू शकत होते. बाईंनी गोळ्या बंद करून आठवड्याने पुन्हा चाचणी करायला सांगितलं. जाता जाता हेही विचारलं की फिट्सचं औषध किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू आहेत का, गुडघ्यात वा खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलंय का, रात्रपाळी आहे का. यातलं प्रत्येक काही ना काही प्रकारे आकडे हलवतं.

२१ जूनच्या रात्री अकराला मी गजर लावून गोळी घेतली. वेळ आणि गोळी हातात धरलेला फोटोही काढून ठेवला, कारण "खरंच घेतली होती ना" हा प्रश्न मनाला लागला होता. झोप बरी लागली. सकाळी साडेआठला रक्त दिलं. कॉर्टिसॉल ३.१ आलं, त्यापुढे पुन्हा "एल". या वेळी मला हसू आलं. त्यानंतर काही दिवसांनी सकाळी, गोळी न घेता, एसीटीएच तपासलं, ते ६. दहापेक्षा कमी म्हणजे पिट्युटरी दबलेली. ४.९चा ३.१ झाला तो बायोटिन गेल्यामुळे की आणखी कशामुळे ते सांगता येत नाही, पण १.८च्या वर दोनदा आणि एसीटीएच खाली, एवढ्यावर निदान झालं. एसीटीएचच्या रक्ताला बर्फ लागतो आणि ते लगेच यंत्रात फिरवावं लागतं. घरी येऊन रक्त नेणाऱ्याकडे ही चाचणी देऊ नका, लॅबमध्ये जाऊन द्या. मी पहिल्यांदा घरून दिलं, नमुना फुकट गेला आणि चार दिवसही.

गाठ कर्करोगाची तर नाही, ही भीती मात्र त्याच भेटीत संपली. मुतखड्याचा सीटी रंगद्रव्य न देता केलेला असतो, त्यामुळे गाठीची घनता त्यावरच मोजता आली, ४ हाउन्सफील्ड युनिट. गाठ एकसारखी दिसत असेल आणि घनता १० किंवा कमी असेल, तर ती चरबीने भरलेली सौम्य गाठ धरतात आणि त्यासाठी पुन्हापुन्हा स्कॅन लागत नाही. २०२३च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. अ‍ॅड्रिनलीनसारखी संप्रेरकं सोडणाऱ्या गाठीसाठी आधीच्या डॉक्टरांनी जी महागडी चाचणी लिहिली होती, तीही याच आकड्यामुळे बाईंनी खोडली. आल्डोस्टेरॉन आणि रेनिन मात्र तपासायला लावलं, कारण रक्तदाब होता. ते ठीक निघालं.

मला वाटलं आता औषध लिहून देतील. त्याऐवजी बाईंनी जुन्या सीटीची सीडी मागितली. कागद नको, सीडीच हवी. ती मला मिळेना. स्कॅन सेंटरमध्ये दोन चकरा, एक अर्ज, ओळखपत्राची प्रत, आणि "वर्षापूर्वीचा डेटा काढायला वेळ लागतो" हे वाक्य तीनदा. नवव्या दिवशी मिळाली. स्कॅन केल्याच्या दिवशीच सीडी घेऊन ठेवा, एवढंच सांगेन.

सीडी घेऊन गेले तेव्हा त्यांच्या खोलीतला पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला. मुतखड्यासाठीचे काप आडवे बघतात. बाईंनी चित्र उभं करून घेतलं, म्हणजे पाठीचा कणा बाजूने दिसायला लागला. मणके एकावर एक ठेवलेल्या चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसत होते. सर्वांत खालच्या बरगड्यांजवळचा एक ठोकळा पुढच्या बाजूने बसलेला होता, दाराखाली घालायच्या पाचरीसारखा. त्यांनी मागची आणि पुढची उंची मोजली, पुढे सुमारे तीस टक्के कमी. बारावा वक्षीय मणका मोडलेला होता. मार्च २०२३लाच मोडलेला होता. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नव्हता, कारण खडा बघायला सांगितलेल्या माणसाने खडा बघितला होता.

मला काही दुखलं नव्हतं. पडले नव्हते. "उंची कमी झालीय का?" असं विचारलं, तेव्हा पासपोर्टवरच्या आकड्यापेक्षा मी अडीच सेंटीमीटरने बुटकी निघाले. त्या खोलीत मला पहिल्यांदा रडू आलं. आतापर्यंतची भीती गाठीची होती. आपल्याच पाठीत मोडलेलं हाड वर्षभर घेऊन फिरलो आणि कळलं नाही, ही वेगळीच गोष्ट होती.

हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झाली तेव्हा कण्याचा टी-स्कोअर आला उणे १.६. नुसता हा आकडा पाहिला तर "हाडं थोडी विरळ, ऑस्टिओपोरोसिस नाही" असं म्हणून परत पाठवतील. इथेच हा आजार फसवतो. जादा कॉर्टिसॉल हाड बांधणाऱ्या पेशींना मंदावतं, आणि सर्वांत आधी आतलं जाळीदार हाड पोखरलं जातं. मणका बहुतांश त्याच हाडाचा असतो. डेक्सा खनिज किती आहे ते मोजतं, जाळीची वीण कशी आहे ते नाही. त्यामुळे घनता बरी असताना मणका बसू शकतो. पाळी गेल्याचा हात किती आणि गाठीचा किती, हे मी विचारलं. बाई म्हणाल्या, "वेगळं करून सांगता येणार नाही. दोन्ही धरूनच चालायचं."

रक्तदाबाचं तसंच. त्यांनी चोवीस तासांचं मोजणारं यंत्र लावलं. दिवसाची वरची सरासरी १४२ आली, रात्रीची १३८. झोपेत दाब दहा टक्के तरी उतरायला हवा, माझा उतरतच नव्हता. आणि साखर, तर कॉर्टिसॉल यकृताला ग्लुकोज सोडायला लावतं आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी करतं, त्यामुळे माझी उपाशीपोटीची साखर रात्रीच्या जेवणावर अवलंबूनच नव्हती. तीन वेगळ्या कप्प्यांतले, तीन वेगळ्या डॉक्टरांचे आजार एका टेबलावर आल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

ऑपरेशन करावं की नाही, यात जुलै आणि अर्धा ऑगस्ट गेला. करायलाच हवं असं कुणी म्हणालं नाही. अशा सौम्य गाठीचं पुढे ठळक कुशिंग सिंड्रोममध्ये, म्हणजे जादा कॉर्टिसॉलची ती सगळी चिन्हं दिसणाऱ्या आजारात रूपांतर फार क्वचित होतं, शंभरात एकाहूनही कमी जणांत. रक्तदाब, साखर, हाडं यांवर वेगवेगळे उपचार चालू ठेवून दरवर्षी तपासणी करत राहणं हाही मान्य मार्ग आहे. सर्जनने मला स्पष्ट सांगितलं: ग्रंथी काढल्यावर सुधारण्याची शक्यता सर्वांत चांगली रक्तदाबाची, साखरेचं काहींना जमतं काहींना नाही, आणि पुढचं फ्रॅक्चर किती टळेल यावर पुरावा तोकडा आहे. माझं पारडं मणक्याने झुकवलं. ५१व्या वर्षी, न पडता मोडलेला. गाठ एकाच बाजूला होती आणि दुसरी ग्रंथी स्कॅनवर ठीक होती, हेही जमेला होतं. सत्तरीत, एकाच साध्या गोळीवर असते, तर मी बहुधा थांबले असते.

विमा कंपनीने पहिला अर्ज नाकारला. कारण दिलं, "सौम्य गाठ, निरीक्षण पुरेसे". वाद घालण्यात एक आठवडा घालवला, मग बाईंनी एक पानाचं पत्र दिलं. त्यात गाठीच्या आकाराबद्दल एकच ओळ होती. बाकी सगळं पान दोन्ही चाचण्यांचे आकडे, एसीटीएच, तीन गोळ्यांवरही न उतरणारा दाब, साखर आणि मणक्याचं मोजमाप यांचं होतं. सोबत उभ्या चित्राची प्रत. अकराव्या दिवशी मंजुरी आली. नकार आला तर तक्रारीआधी असं पत्र मागा.

१७ सप्टेंबर २०२४ला दुर्बिणीने डावी अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढली. दोन तास, चार छोटी छिद्रं, रुग्णालयात तीन रात्री. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं तेवढंच, खांद्यात गॅसची कळ दोन दिवस येते आणि जाते.

खरी कसोटी त्यानंतर होती, आणि तिच्याबद्दल मला आधी सांगितलेलं असूनही मी तयार नव्हते. इतकी वर्षं पिट्युटरी दबलेली, त्यामुळे हुकूमच नाही म्हणून उजवी निरोगी ग्रंथीही झोपलेली. गाठ काढली की शरीरात अचानक कॉर्टिसॉलचा दुष्काळ. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजेक्शन देण्याआधी तपासलं, १.९. मग हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे बाहेरून द्यायच्या कॉर्टिसॉलच्या गोळ्या सुरू झाल्या, सकाळी उठल्या उठल्या १५ मिलिग्रॅम आणि दुपारी ५. दुपारची गोळी चारच्या पुढे घेतली की झोप उडायची. पहिले सहा आठवडे अंग असं दुखलं की जणू तापातून उठलेय. बोटांचे सांधे आखडलेले, तळहातांची साल निघत होती, जेवणावर वासना नाही. यात काही बिघडलं असं नसतं, शरीर जास्तीच्या कॉर्टिसॉलला सवकलेलं असतं आणि ते कमी झालेलं त्याला कळतं.

दुसऱ्याच आठवड्यात उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली. दाब १०४. जुन्या तीनही गोळ्या तशाच चालू होत्या. फोनवर एक बंद झाली, महिन्याने दुसरी. घरी मोजायचं यंत्र आणि वही आधीच आणून ठेवा, पहिल्या महिन्यात त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नव्हतं.

नोव्हेंबरात माझी चूक झाली. ताप आला, १०१. आजारपणात हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट करायचं, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी लगेच रुग्णालय गाठायचं, हे कार्डावर लिहिलेलं होतं आणि कार्ड पाकिटात होतं. मी नेहमीचाच डोस घेऊन झोपले, "स्टेरॉइड जास्त कशाला" म्हणून. दुपारी नवऱ्याने हाक मारली तर मला उठता येईना, बोलणं जड झालेलं. त्याने कार्ड वाचून मला दुप्पट गोळ्या दिल्या आणि सरळ गाडीत घातलं. तिथे शिरेतून इंजेक्शन आणि सलाइन लागलं, सहा तासांत मी माणसात आले. तेव्हापासून त्या नियमाची प्रत फ्रिजच्या दारावर आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो नियम पाठ असायला हवा, कारण ज्याला गरज असते त्याचं डोकं त्या वेळी चालत नसतं.

डोस हळूहळू उतरत गेला. दर सहा आठवड्यांनी सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचं. डिसेंबरात ४.४, फेब्रुवारी २०२५मध्ये ७.८. दहाच्या खाली आणि पाचच्या वर हा मधला प्रदेश, म्हणून इंजेक्शन देऊन ग्रंथी चेतवायची चाचणी झाली. ती काठावर नापास. अजून सहा आठवडे. १ एप्रिलला सकाळचं कॉर्टिसॉल १२.४ आलं आणि गोळ्या थांबल्या. सर्जनने दोन-चार महिने म्हटलं होतं, मला साडेसहा लागले.

हाडांचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं वार्षिक सलाइन मुद्दाम त्यानंतर ठेवलं. ते घेतल्यावर दोन दिवस ताप येऊ शकतो, आणि ग्रंथी झोपेत असताना बाईंना तो ताप नको होता. त्याआधी ड जीवनसत्त्व तपासून भरून काढलं. मला ताप आलाच, ९९.८, एक दिवस.

आता रक्तदाबाची एक गोळी आहे, रात्रीची सरासरी ११६. साखर ६.९, मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी एक सुटली, दुसरी सुटेल असं दिसत नाही. वजन तीन किलोने उतरलं. गेल्या महिन्यात पाठीचा नवा एक्स-रे काढला. रिपोर्टची पहिलीच ओळ: बारावा वक्षीय मणका, जुने पाचरीसारखे फ्रॅक्चर, उंचीत बदल नाही.